नुसता झोक जातो



 कृष्णाकाठचं वाई हे ढोल्या गणपतीचं, मेणवलीच्या वाड्याचं आणि मराठी विश्वकोशाचं गाव आपल्याला ठाऊक आहेच. आज मात्र मला वाईची एक वेगळी ओळख करून द्यायची आहे. हे घाटांचं आणि जुन्या वाड्यांचं गाव आहे. इथल्या पायऱ्या दगडी, झिजून मधे खोलगट झालेल्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. घरांचे उंबरठे उंच. झोपायची खोली एका टोकाला आणि मोरी दुसऱ्या टोकाला, मधे अंधारं माजघर. तरुणपणी यातलं काही जाणवत नाही. अशाच एका वाड्यात चार वर्षांपूर्वी माझी आई पडली, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

आईचं वय तेव्हा शहात्तर. पहाटे तीनच्या सुमाराला ती लघवीला उठली. आम्ही जागे होऊ नये म्हणून दिवा लावला नाही. माजघर भिंतीला हात लावत ओलांडलं, मोरीच्या दाराशी असलेल्या जाड, गुबगुबीत पायपुसण्यावर पाऊल ठेवलं, आणि तेवढ्यात आतून मी हाक मारली, "आई, तू आहेस का गं?" तिने मान वळवली आणि ती पडली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात हाड नीट बसवलं, प्लॅस्टर घातलं आणि चक्करेची एक गोळी लिहून दिली. ती का पडली, हे कुणी विचारलं नाही. मी इतकी वर्षं कानाच्या रोग्यांवर उपचार करते आहे, तरी मीही विचारलं नव्हतं. बीपी कमी झालं असेल, असं मी धरून चालले होते.

आई मात्र एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती, "मला चक्कर येत नाही गं. नुसता झोक जातो."

मंडळी, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आजच्या अधिवेशनाचा सगळा विषय मला या एका वाक्यात दिसतो. घर गरगर फिरतं, ती चक्कर. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नलिकेत शिरले, की कूस बदलताना अशी चक्कर येते. त्याला डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एपली यांची पद्धत आहे आणि तिने बहुतेकांना लवकर आराम पडतो. झोक जाणं वेगळं. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं ओळखतात, शेजारच्या दोन पिशव्या डोकं कुठे कललंय ते सांगतात. ही खबर देणाऱ्या केसपेशी वयाबरोबर कमी होत जातात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही कान सारखेच मंदावले, तर काहीच गरगरत नाही, कारण दोन्हीकडच्या खबरीत तफावत नसते. मग शरीर डोळ्यांवर आणि तळपायांवर उभं राहायला शिकतं. हे इतकं हळूहळू होतं, की त्या माणसालाही कळत नाही.

आता ती पहाट पुन्हा आठवा. अंधार होता, म्हणजे डोळे गेले. पायाखाली गुबगुबीत पायपुसणं होतं, म्हणजे तळपायांची खबर गेली. आणि नेमक्या त्याच क्षणी मी हाक मारून तिला मान वळवायला लावली. उरला फक्त कान, आणि तोच कमकुवत होता.

प्लॅस्टर निघाल्यावर मी तिची नीट तपासणी केली. झोपून उठल्यावर तीन मिनिटांपर्यंत बीपी मोजलं, ते पडत नव्हतं. कूस बदलून पाहिलं, गरगर नव्हती. मग तिला फरशीवर पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. अर्धा मिनिट ती छान उभी राहिली. तेच जाड फोमच्या गादीवर करायला सांगितलं, मी आणि माझा भाऊ दोन्ही बाजूंना उभे होतो. चौथ्या सेकंदाला ती माझ्या हातात आली. शेवटी तिला माझ्या नाकाकडे टक लावायला सांगून मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि अचानक थोडंसं बाजूला वळवलं. निरोगी माणसाची नजर नाकावरून हलत नाही. आईची नजर डोक्याबरोबर वाहवत गेली आणि मग झटका देऊन परत आली. दोन्ही बाजूंना तेच. हॅलमागी आणि कर्थॉइज यांनी 1988 साली मांडलेली ही तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही, पण मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर ती करू नये आणि शिकलेल्या माणसानेच करावी.

मी तिला जुनी दुखणी विचारली. 1968 साली, माझ्या जन्माच्या आधी, तिला क्षय झाला होता. तेव्हा तिने कित्येक आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतली होती. त्या औषधाने तिचा जीव वाचला. पण ते आतल्या कानाच्या केसपेशींना मारक असतं. पेशी कमी झाल्या, उरलेल्यांवर तिने पन्नास वर्षं निभावलं, आणि मग वयाने त्यांतल्याही काढून घेतल्या. 1952 साली एका अमेरिकन डॉक्टरने याच औषधानंतरचा स्वतःचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात लिहिला होता. नाडीच्या ठोक्यानेसुद्धा त्याचं डोकं हलायचं आणि पुस्तकातली अक्षरं नाचायची, म्हणून तो पलंगाच्या लोखंडी गजांना डोकं टेकवून वाचायचा. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच मला एसटीत पाटी वाचता येत नाही होय?" तिला वाटत होतं चष्मा बदलायला झालाय. आपल्या संघांतल्या किती जणांनी साठ-सत्तरच्या दशकांत ही इंजेक्शनं घेतली असतील, याचा विचार आज जरूर करा. जेंटामायसिनचंही तसंच आहे.

सगळ्यात आधी मी ती चक्करेची गोळी बंद केली. सिनारिझिन, प्रोक्लोरपेरझिन या गोळ्या गरगर जोरात असताना दोन-तीन दिवस उपयोगी पडतात. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला नवी सवय लागू देत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसात पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा आणू शकतात, म्हणजे पडायचं आणखी एक कारण तयार होतं. आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठी जुनी झाली तरी चालूच राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. कृपा करून घरी जाऊन औषधांचा डबा तपासा आणि डॉक्टरांना विचारा.

मग व्यायाम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या रोग्यांना डोकं मुद्दाम हलवायला लावलं, तिथून ही विद्या वाढली. आईसाठी मी पोस्टकार्डावर ठळक 'क' काढला आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर चिकटवला. खुर्चीत बसून नजर 'क'वर ठेवायची आणि डोकं नकार दिल्यासारखं डावी-उजवीकडे हलवायचं. वेग किती ठेवायचा? अक्षर पुसट व्हायच्या अगदी काठावर. तिथे नजर घसरते, आणि ती घसरण पाहूनच मेंदू दुरुस्ती करतो. अक्षर कायम स्वच्छ दिसत असेल तर व्यायाम होतच नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग एक मिनिट, नंतर होकार दिल्यासारखं वर-खाली. असं दिवसातून चार-पाच वेळा, आणि हळूहळू दिवसाची वीस मिनिटं भरतील इथपर्यंत. थोडं मळमळणं, डोकं हलकं होणं अपेक्षित आहे, पण ते पंधरा-वीस मिनिटांत निवायला हवं. आईला दुसऱ्या दिवशी तासभर अस्वस्थ वाटलं, तेव्हा वेग कमी केला, व्यायाम सोडला नाही. दोन आठवड्यांनी तेच उभं राहून, खोलीच्या कोपऱ्याला पाठ करून, पुढे जड खुर्ची ठेवून. मग ओसरीवर चालताना एकदा तुळशीकडे, एकदा दाराकडे मान वळवत, शेजारी कुणीतरी.

तीन महिन्यांनी ती चालताना शेजारणीशी मान वळवून बोलू लागली. एसटीतली पाटी निम्मीअर्धी वाचू लागली. पण गादीवर डोळे मिटून ती आजही उभी राहू शकत नाही, आणि राहू शकणार नाही. गेलेल्या पेशींचं काम नजर, मान आणि पाय वाटून घेतात, पण अंधारात मऊ जागेवर वाटून घ्यायला कुणी उरत नाही. म्हणून घर बदलावं लागलं. आम्ही एवढंच ठरवलं की तिला अंधार, मऊ जमीन आणि मान वळवणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कधी भेटू द्यायच्या नाहीत.

पलंगापासून मोरीपर्यंत घोट्याच्या उंचीला, माणूस उठला की आपोआप लागणारे तीन छोटे दिवे बसवले, चार्ज होणारे, म्हणजे वीज गेली तरी लागतात. पायपुसणं काढून टाकलं. उंबरठ्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. जाड स्पंजाच्या चपला जाऊन पातळ, घट्ट तळव्याच्या आल्या. आणि आंघोळ! डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटलेले, पाय ओल्या फरशीवर, मान खाली आणि डोक्यावर पाण्याचा तांब्या. आई हे रोज उभ्याने करत होती. आता रबरी बूट लावलेल्या स्टुलावर बसून करते, आणि उठताना धरायला भिंतीत स्क्रूने पक्की केलेली दांडी आहे. टॉवेलच्या दांडीने माणसाचं वजन पेलत नाही, तिचा आधार कुणी घेऊ नये. मोरीची कडीही आम्ही बाहेरून उघडेल अशी केली. घरातला एक नियम माझ्यासाठी आहे. ती चालत असताना मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं.

एक सावधगिरी सांगायला हवी. तोल अचानक गेला, त्याबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हात-पाय लुळे पडले, तर तो कान समजू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

आता व्यवस्थेविषयी. या सभागृहाच्या पायऱ्यांच्या कडांना आम्ही पिवळी पट्टी लावली आहे आणि दाराशी पायपुसणी मुद्दामच ठेवलेली नाहीत. प्रत्येक आसनावर 'क' लिहिलेलं एक कार्ड आहे, ते आपलं आहे. जेवणानंतर मागच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट मंडळी फोमची तपासणी करतील. त्यांनी प्रत्येकामागे दोघांना उभं करावं, ही विनंती. संध्याकाळी गणपती घाटावर जायचं आहे. उजेड असतानाच, पाच वाजता निघू. ज्यांचे चष्मे दुहेरी भिंगाचे आहेत त्यांना खालची पायरी पुसट दिसेल, त्यांनी आमच्या स्वयंसेवकाचा हात धरावा. पायऱ्या उतरताना कुणी बोलू नये, देवळाकडे बघू नये. नदीकाठच्या सपाट दगडावर पोचलो की थांबू आणि मग सगळे मिळून मान वर करून कळस पाहू. माझी आई तिथे आधीच येऊन बसलेली असेल.