जांगड गोधड्यांचा मार्चअखेरचा हिशेब



"बघा, पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत पाठवा," असं म्हणून आपण दुकानात माल देतो. व्यापारी याला जांगड म्हणतात. मार्चअखेरीला वह्या मिळवायला बसलं की याच मालाशी गाडी अडते. तो विकला म्हणायचा की अजून आपलाच? आमच्या गटाच्या गोधड्यांचा हिशेब सांगतो, म्हणजे नीट कळेल.

आम्हाला एक गोधडी कापड, दोरा आणि शिलाईची मजुरी धरून ६०० रुपयांना पडते. विकतो ९०० ला. शहरातल्या एका दुकानवाल्या ताईंना आम्ही १० फेब्रुवारीला २४ आणि १५ मार्चला १६ गोधड्या पाठवल्या. दोन्ही वेळा बिल केलं नाही, चलन केलं. त्यावर नग, भाव आणि "तीस दिवसांत कळवावे" एवढं लिहून ताईंची सही घेतली. जांगड वहीत प्रत्येक चलनाला एक पान दिलं आणि पानावर तीन रकाने पाडले: ठेवल्या, परत आल्या, बाकी.

३१ मार्चला ताईंकडून लेखी मोजणी मागवली. पहिल्या चलनातल्या १३ त्यांनी ठेवल्या, ६ परत आल्या आणि ५ बद्दल काहीच निरोप नाही. दुसऱ्यातल्या ४ ठेवल्या, २ परत, १० बाकी.

ठेवलेल्यांचा प्रश्न नाही, त्या विकल्या. परत आलेल्याही डोळ्यांसमोर असतात, मोजून साठ्यात घ्यायच्या. त्यातल्या एकीवर तेलाचा डाग होता. ती ४०० च्या वर जाणार नाही हे दिसतच होतं, म्हणून साठ्यात ती ६०० ऐवजी ४०० ला धरली.

खरी गोम बाकीच्या पंधरांत आहे. त्या सगळ्या एकाच टोपलीत टाकता येत नाहीत. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ प्रमाणे, ठरलेली मुदत उलटून गेली आणि घेणाऱ्याने नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, तर तो माल त्याचा झाला. मुदत ठरवलीच नसेल तर "वाजवी वेळ" बघतात, आणि वाजवी किती यावर मग भांडत बसावं लागतं. म्हणून चलनावर तारीख हवीच. पहिल्या चलनाची मुदत १२ मार्चला संपली होती. म्हणजे त्या ५ गोधड्या, ताई गप्प असल्या तरी, विकल्याच. आम्ही ४,५०० रुपयांचं बिल त्यांच्या नावे टाकलं. दुसऱ्या चलनाची मुदत १४ एप्रिलपर्यंत होती. त्या १० अजून आमच्याच.

इथे एक विचारून घ्यावं लागतं. त्या दहांपैकी एखादी ताईंनी गिऱ्हाइकाला विकली आहे का? विकली असेल तर त्यांनी ती स्वीकारली असाच अर्थ होतो, मुदत शिल्लक असली तरी. म्हणून आम्ही "दुकानात प्रत्यक्ष किती आहेत" हे लिहून मागतो. नुसतं "बाकी १०" चालत नाही. ताईंनी दहाही दुकानात असल्याचं लिहून दिलं.

आता विक्री किती? १७ आणि ५ मिळून २२, म्हणजे १९,८०० रुपये. बाकी १० गोधड्या अखेरच्या साठ्यात "ग्राहकाकडील जांगड माल" म्हणून ६,००० रुपयांना, म्हणजे आपल्याला पडलेल्या किमतीला. ९०० चा भाव लावायचा नाही, कारण तो नफा अजून झालेला नाही.

काही गट माल गेला त्याच दिवशी बिल फाडतात. तसं केलं असतं तर या दहांवरचा ३,००० रुपयांचा न झालेला नफा वहीत दिसला असता. आमच्या गटात बारा जणी आहेत. वाटप केलं असतं तर प्रत्येकीच्या हातात २५० रुपये जास्त पडले असते, आणि एप्रिलमध्ये गोधड्या परत आल्यावर ते मागायला कुणाच्या दारात जायचं? उलट, माल खोलीत दिसत नाही म्हणून काही जणी तो साठ्यातही धरत नाहीत. मग ६,००० रुपयांचा माल वहीतून नाहीसा होतो आणि गट उगाच तोट्यात दिसतो. बँकेचं कर्ज मागायला जाताना हे चांगलंच नडतं.

जीएसटी नोंदणी असलेल्या गटांनी आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवावी. माल पाठवल्याला सहा महिने झाले आणि तो परत आलेला नसेल, तर पसंती कळली नसली तरी बिल करावंच लागतं.

त्या दहांपैकी ४ गोधड्या ९ एप्रिलला परत आल्या आणि ६ ताईंनी ठेवल्या. त्या सहांचं ५,४०० रुपयांचं बिल आम्ही नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या पानावर टाकलं.