प्रश्नपेढीचे कोष्टक : कागदापासून काठिण्यपातळीपर्यंत

शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांतील माध्यमिक शाळांत व आश्रमशाळांत जुन्या प्रश्नपत्रिका आणि प्रश्नपेढ्या यांची वाण नाही. त्यांतील पुष्कळशा आता स्कॅन होऊन संगणकातही आल्या आहेत. तथापि स्कॅन म्हणजे पानाचे केवळ छायाचित्र होय. ‘भिंगे या प्रकरणावरील तीन गुणांचे मध्यम प्रश्न’ त्यातून निवडून काढता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाची कोष्टकात नोंद व्हावी लागते.

ओळ कशाची करावयाची, हे प्रथम ठरवावे. ज्याला स्वतंत्र गुण आहेत असा लहानात लहान उपप्रश्न म्हणजे एक ओळ. समजा, ‘पुढीलपैकी कोणतेही पाच सोडवा, 15 गुण’ असे शीर्षक असून खाली आठ उपप्रश्न आहेत. अशा वेळी तीन-तीन गुणांच्या आठ ओळी होतील आणि त्यांची बेरीज 24 भरेल. ही चूक नव्हे. मात्र ‘आठपैकी पाच’ ही नोंद वेगळ्या रकान्यात नसेल, तर पत्रिकेची एकूण बेरीज कधीच जुळणार नाही. पर्याय वगळून बेरीज छापील एकूण गुणांइतकी आली, तरच ती पत्रिका पूर्ण उतरली असे समजावे. बेरीज कमी आली, तर बहुधा पानाच्या तळाचा किंवा ‘किंवा’ या शब्दानंतरचा प्रश्न सुटलेला असतो.

आता अक्षरवाचन. पान 300 डीपीआयने, सरळ ठेवून स्कॅन केलेले असल्यास टेसरॅक्ट ही विनामूल्य प्रणाली मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचते :

```
tesseract pan01.png pan01 -l mar+eng
```

शब्दांतील चुका वाचताच डोळ्यांना खटकतात; अंकांतील चुका खटकत नाहीत, आणि खरा धोका तेथेच आहे. उदाहरणार्थ, मूळ प्रश्न असा आहे : ‘20 सेमी नाभीय अंतर असलेल्या बहिर्गोल भिंगापासून 30 सेमी अंतरावर 5 सेमी उंचीची वस्तू ठेवली आहे. प्रतिमेचे भिंगापासूनचे अंतर व उंची काढा.’ उत्तर 60 सेमी आणि 10 सेमी, प्रतिमा उलटी. पुसट छपाईमुळे 30 चे 80 वाचले गेले, तरी वाक्य निर्दोषच दिसते. पण उत्तर सुमारे 26.7 सेमी येते. म्हणून प्रत्येक संख्यात्मक उदाहरण नोंदवणाऱ्याखेरीज दुसऱ्या शिक्षकाने सोडवून पाहावे. उत्तर ओबडधोबड आले, की मूळ पान उघडावे. एकाखाली एक छापलेले अपूर्णांक यंत्राला सहसा नीट उमगत नाहीत. ते हाताने टंकावेत. आकृती कापून वेगळी साठवावी व तिचे नाव ओळीत लिहावे.

तपासलेली ओळ अशी दिसेल :

```
क्रमांक,घटक,प्रकार,गुण,निवड,पातळी,आकृती,पान
भौ07-014,भिंगे,उदाहरण,3,8 पैकी 5,,नाही,pan01
```

घटकाचे नाव पाठ्यपुस्तकातील प्रकरणाप्रमाणेच, ठरलेल्या यादीतून निवडावे. एकाने ‘भिंगे’ व दुसऱ्याने ‘भिंग’ लिहिले, तर निवड करताना निम्मे प्रश्न हाती लागत नाहीत.

पातळीचा रकाना वर मुद्दाम रिकामा ठेवला आहे. घटक व गुण कागदावरून कळतात; काठिण्य मात्र विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून कळते. शिक्षकाला सोपा वाटणारा प्रश्न वर्गाला कठीण जातो, हा अनुभव सर्वांचाच आहे. समजा, वरील प्रश्न सर्वांसाठी सक्तीचा ठेवून 40 विद्यार्थ्यांना दिला. मिळू शकणारे गुण 120, प्रत्यक्ष मिळाले 54; म्हणजे 45 टक्के. साधारणतः 70 टक्क्यांहून अधिक ते सोपे, 30 हून कमी ते कठीण, मधले ते मध्यम, असा संकेत आहे. त्यानुसार हा प्रश्न मध्यम ठरतो. ऐच्छिक प्रश्नांबाबत हे गणित फसते, कारण ज्यांना येतो तेच तो सोडवतात.

दहा-बारा मुलांच्या वर्गावरून असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही तालुक्यांतील काही शाळांचे गुण एकत्र करावेत. एकत्र करतानाही शाळावार आकडे जपून ठेवावेत. कातकरी, ठाकूर वा वारली मुलांची घरची बोली प्रश्नपत्रिकेच्या मराठीहून वेगळी असते. एखादा प्रश्न केवळ त्यांच्याच शाळेत कठीण ठरला, तर अडचण भिंगात आहे की वाक्यात, हे पाहावे. तोच प्रश्न सोप्या वाक्यांत पुन्हा विचारावा. गुण वाढले, तर ‘कठीण’ हा शेरा प्रकरणाला नव्हे, भाषेला लागू होता हे स्पष्ट होईल, आणि कोष्टकात तशी नोंद करावी.