गोल चट्टा: गजकर्ण की इसब?

(वसतिगृहाला मदत करणाऱ्या मंडळींच्या मेळाव्यात दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण वसतिगृहाला भेट द्यायला येता आणि येताना औषधांची पिशवी आणता. त्या पिशवीत खाजेच्या मलमाच्या नळ्या हमखास असतात. आज मी त्या नळ्यांविषयीच बोलणार आहे. त्यासाठी दोन मुलांची गोष्ट सांगते. नावे सांगत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी वसतिगृहाच्या बाईंनी दोन मुलांना एकदमच माझ्याकडे आणले. नऊ वर्षांच्या मुलीच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, रुपयाएवढा गोल चट्टा होता. अकरा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही नडग्यांवर तसेच गोल चट्टे होते. दोघेही रात्री खाजवून जागे राहत. बाई म्हणाल्या, "सिस्टर, दोघांना गजकर्ण झालंय. एकच मलम द्या आणि सांगा, यांना वेगळं झोपवू का?" मी घाईत होते. मी मान हलवली आणि पिशवीतली एक नळी दिली. मुलाचे अंथरूण त्या रात्रीच व्हरांड्याच्या टोकाला गेले.

आठ दिवसांनी बाई हसत आल्या. दोघांची खाज थांबली होती. मलाही बरे वाटले. पण तीन आठवड्यांनी मुलगी परत आली, तेव्हा चट्टा तळहाताएवढा झाला होता. त्याची कड पुसट झाली होती, आत बारीक पुटकुळ्या होत्या आणि मांडीवर नवे दोन चट्टे उठले होते. मुलाचे चट्टे मात्र खरोखरच बसले होते.

तेव्हा मी नळीवरची बारीक अक्षरे वाचली. तिच्यात तीन औषधे एकत्र होती: बुरशीचे, जंतूंचे आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबते. मुलाला इसब होते. इसब म्हणजे कातडीचीच जळजळ, त्यामुळे स्टेरॉइडने त्याला आराम पडणारच होता. मुलीला गजकर्ण होते, म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. स्टेरॉइडने तिची खाज गेली, पण बुरशीला अडवणारी अंगाची शक्तीही तिथे मंदावली आणि बुरशी पसरत गेली. खाज लवकर थांबली म्हणजे औषध बरोबर होते, असे समजणे हीच माझी चूक.

आता मी पाहायची रीत बदलली आहे. प्रथम चट्ट्याची कड पाहते. गजकर्णात बुरशी मधून बाहेर सरकत जाते. म्हणून कड उचललेली असते, तिच्यावर बारीक पापुद्रे आणि पुटकुळ्या असतात, तर मधली जागा निवत आलेली दिसते. बोट फिरवले की कड हाताला लागते. आपल्या मुलांची कातडी सावळी असल्यामुळे ही कड लाल दिसेलच असे नाही. ती तपकिरी किंवा काळपट दिसते. इसबाचा गोल चट्टा मध्यापासून कडेपर्यंत साधारण सारखाच असतो. तो आधी ओला होतो, त्यातून लस येते आणि ती वाळून खपली धरते. पुढे तो जाड आणि कोरडा होतो.

दुसरे, मी मुलाचे सगळे अंग पाहते आणि घरचे विचारते. इसबाचे चट्टे बहुधा हातापायांवर, दोन्ही बाजूंना असतात आणि एकूणच कातडी कोरडी, पांढरट, भेगाळलेली असते. त्या मुलाच्या नडग्या अशाच होत्या आणि तो कपड्याच्या साबणानेच अंघोळ करी. गजकर्ण बहुधा एकाच बाजूला सुरू होते, आणि ओल व घाम राहतो तिथे, म्हणजे कंबर, जांघ, काख, अधिक पसरते. त्या मुलीच्या शेजारी झोपणाऱ्या बहिणीलाही चट्टा होता आणि दोघी एकच टॉवेल वापरत. घरात मांजराचे पिल्लू किंवा वासरू केस गेलेले असेल तर तेही विचारते, कारण बुरशी जनावरांकडूनही येते.

तिसरे, चट्टा किती दिवसांचा आणि वाढतो आहे का. शंका असेल तर मी पेनाने कडेवर बारीक खूण करते आणि आठवड्याने पुन्हा पाहते. खुणेच्या बाहेर कड सरकली, तर गजकर्णाचा संशय पक्का होतो.

तरीही डोळा फसतो. इसबाचाही मध्य कधी कधी निवतो, आणि स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाची कडच हरवते. अशा वेळी कडेचे पापुद्रे बोथट पात्याने काचेवर खरवडून घेतात, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. मुलीला मी तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, तिथे हेच धागे दिसले. मात्र धागे दिसले नाहीत म्हणून बुरशी नाहीच, असे म्हणता येत नाही. आधी बुरशीचे मलम लावले असेल तर ते सहज हुकतात.

त्या डॉक्टरांनी तिची नळी बंद केली. स्टेरॉइड थांबल्यावर चार दिवस खाज जास्त झाली, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. चट्टे पसरलेले म्हणून पोटातले औषध वजनानुसार दिले, आणि साधे बुरशीचे मलम दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन बोटे कोऱ्या कातडीवरही लावायला सांगितले. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवायचे होते. इथेच बहुतेक आया थांबतात आणि आजार उलटतो. बहिणीलाही औषध, वेगळा टॉवेल, आणि कपडे उन्हात पूर्ण वाळवणे. डोक्यात केस झडून खवले असतील तर मलम मुळांपर्यंत पोचत नाही. तिथे गोळी किंवा पातळ औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे लागते.

मुलाला मी सौम्य साबण दिला. अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावायला शिकवले. स्टेरॉइड डॉक्टरांनी ठरवलेल्या थोड्या दिवसांपुरतेच. आणि त्याचे अंथरूण मित्रांच्या ओळीत परत आणले. इसब लागट नाही. पण तो तीन आठवडे एकटा झोपला होता. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सिस्टर, तिथं थंडी वाजायची."

एक चट्टा मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा. तो खाजत नाही, कातडीपेक्षा फिका असतो आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नाही. तसा दिसला तर कोणतेही मलम न लावता मुलाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे मोफत मिळते.

म्हणून पुढच्या पिशवीत तीन औषधे एकत्र असलेली नळी आणू नका. साधे क्लोट्रिमाझोल, व्हॅसलीनचे डबे, सौम्य साबण आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉवेल आणा. नळीवरच्या नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असे काही दिसले, जसे बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल, तर ते स्टेरॉइड समजून आधी मला विचारा. पण नुसत्या शेवटावर जाऊ नका. क्लोट्रिमाझोलही 'सोल'सारखेच ऐकू येते. पूर्ण नाव वाचा.