चार तास, आठ तास: कुशिंगच्या टेस्टचे तीन आकडे कसे वाचायचे

आज थोडा वेगळा विषय. आमच्या घरी दहा वर्षांची, नऊ किलोची स्पिट्झ आहे, बर्फी. दोन महिन्यांपूर्वी तिचं पाणी पिणं खूप वाढलं. मी मोजलं, तर दिवसाला साधारण सव्वा लिटर. कुत्र्याने किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त पाणी पिणं नॉर्मल नाही, म्हणजे बर्फीसाठी मर्यादा 900 मिली. शिवाय पोट सुटलेलं, दोन्ही कुशींवरचे केस विरळ आणि भूक तर विचारूच नका. आमच्या डॉक्टर मॅडमना कुशिंगचा संशय आला, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल कायम जास्त असणं.

आता तुम्ही म्हणाल, मग रक्तातलं कॉर्टिसॉल एकदाच मोजायचं ना? तसं जमत नाही. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होतं, आणि नुसतं क्लिनिकमध्ये आल्याच्या भीतीनेही वाढतं. म्हणून एक आकडा बघण्याऐवजी, ही यंत्रणा ब्रेक लावल्यावर थांबते का, ते बघतात.

यंत्रणा अशी. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच सोडते, त्याच्या हुकमावर किडनीजवळच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पिट्युटरी गप्प बसते. टेस्टमध्ये डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड अगदी थोडं, किलोला 0.01 मिलिग्रॅम, शिरेतून देतात. पिट्युटरीला वाटतं कॉर्टिसॉल भरपूर आहे, पण लॅबची टेस्ट डेक्सामेथासोनला कॉर्टिसॉल म्हणून मोजत नाही. बर्फीचा डोस होता 0.09 मिलिग्रॅम. तो इतका कमी भरतो की औषध आधी सलाइनमध्ये पातळ करावं लागतं, नाहीतर सिरिंजमध्ये नीट मोजताच येत नाही. रक्त तीनदा घेतात: इंजेक्शनच्या आधी, चार तासांनी आणि आठ तासांनी. मधल्या वेळात कुत्रं शांत हवं. त्याच दिवशी सोनोग्राफी, आंघोळ असलं काही नको.

बर्फीचे आकडे आले 5.8, 1.2 आणि 3.1, सगळे µg/dL मध्ये. युनिट आधी बघा. काही लॅब nmol/L देतात, तिथे हेच आकडे सुमारे 28 पट मोठे दिसतात. आणि कटऑफ तुमच्या लॅबचाच वापरायचा. आमचा होता 1.4.

मला हे सरळ इफ-एल्ससारखं वाटलं, फक्त क्रम उलटा. आधी शेवटचा आकडा वाचायचा. निरोगी कुत्र्यात आठ तासांनीही कॉर्टिसॉल दबलेलंच राहतं. बर्फीचं 3.1, म्हणजे 1.4 च्या वर. ब्रेक टिकला नाही. हे कुशिंगशी जुळतं.

त्यानंतरच मधला आकडा. चार तासांनी 1.2, म्हणजे कटऑफच्या खाली. ब्रेक आधी लागला आणि मग सुटला. हे पिट्युटरीतल्या गाठीचं लक्षण, कारण ती थोडा वेळ ऐकते आणि परत सुरू होते. कुशिंगच्या बहुतेक कुत्र्यांत कारण हेच असतं. मधला आकडा कटऑफखाली नसला, तरी चार किंवा आठ तासांचा आकडा सुरुवातीच्या निम्म्याखाली गेला, तर निष्कर्ष तोच.

समजा आकडे 5.8, 4.6, 4.9 आले असते, तर? ब्रेक लागलाच नाही. अॅड्रिनलमधली गाठ पिट्युटरीला विचारतच नाही, म्हणून तिथे असं दिसतं. पण पिट्युटरीच्या काही केसेसमध्येही असंच दिसतं. मग या टेस्टवरून दोन्हींत फरक करता येत नाही. पोटाची सोनोग्राफी किंवा एसीटीएचची पातळी बघावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही टेस्ट कुशिंग सहसा सोडत नाही, पण कुशिंग नसतानाही कधीकधी पॉझिटिव्ह येते. कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस, इन्फेक्शन, कुठलंही मोठं आजारपण, यांच्या ताणानेही ब्रेक लागत नाही. म्हणून मॅडमनी टेस्टआधी शुगर आणि लघवी तपासली, आणि कानाचे ड्रॉप्स, त्वचेचं क्रीम याबद्दल खोदून विचारलं. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि बाहेरच्या स्टेरॉइडमुळे झालेलं कुशिंग या टेस्टमध्ये पकडता येत नाही. त्यासाठी एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट लागते.

इतकी काळजी का? कारण पुढचं औषध ट्रायलोस्टेन, जे कॉर्टिसॉल बनणंच कमी करतं. कुशिंग नसलेल्या कुत्र्याला ते दिलं, तर कॉर्टिसॉल धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं: उलट्या, अशक्तपणा, कुत्रं कोसळणं. त्यामुळे लक्षणं नसताना नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर औषध सुरू करत नाहीत.

बर्फीची लक्षणं होती, दुसरा आजार सापडला नाही, आकडे जुळले, आणि सोनोग्राफीत दोन्ही अॅड्रिनल सारख्याच वाढलेल्या दिसल्या. तेव्हा कुठे पहिली कॅप्सूल, जेवणासोबत. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना आधी आठ तासांच्या आकड्याबद्दल विचारा, मग चार तासांच्या.