फळ्यावरचा भाव

माझ्या १९८८ च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी सांगितलं, "शाळा सुटल्यावरची एक आठवण सांग." आपल्या वर्गातले बरेचजण कॉलेजला गेले. मी त्याच जूनमध्ये कोल्हापुरात गुजरीत एका सराफी दुकानात कामाला लागलो. तिथं पहिली दोन-तीन वर्षं कुणी सोन्याला हात लावू देत नाही. दुकान झाडायचं, काचा पुसायच्या, चहा सांगायचा आणि सकाळी भावाचा फळा पुसून ठेवायचा, एवढंच माझं काम. पगार महिन्याला दीडशे रुपये.

मुंबईच्या झवेरी बाजारातला भाव फोनवरून यायचा. तो आला की शेठ स्वतः खडूनं फळा लिहायचे. वर तारीख आणि खाली तीन ओळी. पहिली शुद्ध सोन्याची, दुसरी २२ कॅरेटची, तिसरी चांदीची. सोन्याच्या ओळींत आकड्याआधी बारीक अक्षरात '१० ग्रॅम' आणि चांदीच्या ओळीत '१ किलो'. रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून फक्त मोठा आकडा वाचायचा. मीही तेच करायचो.

एकदा शेठनी विचारलं, "आज सोनं काय?"

मी ऐटीत म्हणालो, "तीन हजार एकशे वीस."

"कसलं सोनं? किती सोनं?"

मी गप्प. शेठ म्हणाले, "आधी बारीक अक्षर वाचायचं, मग आकडा. आता मला सांग, दुसऱ्या ओळीत २,८६० कुठून आले?"

तेही मला सांगता येईना. मग त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरेट. त्याचे ३,१२० रुपये. २४ नं भागलं की १० ग्रॅममागं एका कॅरेटचे १३० रुपये. दागिना २२ कॅरेटचा, म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं आणि उरलेले दोन भाग तांबं-चांदी. म्हणून २२ गुणिले १३०, बरोबर २,८६०. हे आपल्या गणिताच्या सरांचं त्रैराशिकच होतं. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही की सर अर्धा गुण कापायचे, तेव्हा मला तो अन्याय वाटायचा.

शेठनी शिकवलेलं मला कळलं, पण अंगात मुरलं नव्हतं.

जुलैत एका दुपारी शेठ बँकेत गेले होते आणि कारागीर मागच्या खोलीत कामात होते. एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून दोन पाटल्या काढून म्हणाल्या, "बाळा, दोन तोळ्याच्या हायत. मोडल्या तर किती येतील? पोराला बाहेरगावी डिप्लोमाला घालायचंय. उद्या फी भरायचीय."

मी त्यांना ओळखलं. तो पोरगा आपल्याच वर्गातला. मला वाटलं, आपल्या मित्राचं काम आहे, शेठची वाट कशाला बघायची? फळ्याकडं बघितलं. पहिली ओळ, ३,१२०. दोन तोळे म्हणजे दोनदा तेवढे. "सहा हजार दोनशे चाळीस," मी सांगून टाकलं. मावशींनी तो आकडा तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला आणि "उद्या सकाळी येते" म्हणून गेल्या.

रात्री मी शेठना कौतुकानं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "उद्या तू इथंच उभा राहा."

दुसऱ्या दिवशी भाव तोच होता. शेठनी मावशींसमोर पाटल्या काट्यावर ठेवल्या. वजन भरलं २३ ग्रॅम. मी चकित झालो, कारण माझ्या हिशोबात दोन तोळे म्हणजे २० ग्रॅम होते. शेठ म्हणाले, "हल्ली दुकानात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. मावशींच्या लग्नातला तोळा जुना, ११ ग्रॅम ६६४ मिलिग्रॅमचा. दोन तोळे म्हणजे २३ ग्रॅमच्या वर. बाकीचं इतक्या वर्षांत झिजलं."

मग पाटल्या आटणीला गेल्या. मुशीत सोनं, वर टाकणखार, खाली जाळ. सांधीत बसलेला मळ जळून गेला आणि लगड निघाली साडेबावीस ग्रॅमची. अर्धा ग्रॅम घट. ती घासून शेठनी कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढली. शेजारी २२ आणि २० कॅरेटच्या सळ्यांच्या रेघा ओढल्या आणि तिन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवला. २२ ची रेघ टिकली. आपली रेघ मंदावली आणि २० च्या रेघेसारखी दिसायला लागली. पाटल्या दोनदा मोडून सांधलेल्या होत्या. सांध्याला लावलेला डाग हलक्या सोन्याचा असतो, तो वितळून सगळ्या सोन्यात मिसळला होता.

"आता हिशोब तू कर," शेठ म्हणाले.

मी पाटी घेतली. २० कॅरेट गुणिले १३० म्हणजे १० ग्रॅमला २,६००. एका ग्रॅमला २६०. साडेबावीस ग्रॅमचे ५,८५०. मी सांगितलं होतं त्यापेक्षा ३९० रुपये कमी.

माझा आकडा खऱ्या आकड्याच्या इतका जवळ आला, तो दोन चुका एकमेकींना झाकत होत्या म्हणून. तोळा लहान धरला म्हणून वजन कमी पडलं आणि कस शुद्ध धरला म्हणून भाव जास्त लागला. नुसत्या उत्तराकडं बघून चूक कुठं आहे ते कुणालाही ओळखता आलं नसतं. ज्या ओळीवरून मी भाव सांगितला, ती ओळ त्या पाटल्यांची नव्हतीच.

मावशींचा चेहरा उतरला. फीचा आकडा त्यांनी माझ्या शब्दावर जुळवला होता. शेठनी ६,२४० रुपये मोजून त्यांच्यापुढं ठेवले. म्हणाले, "मावशी, सोन्याचे ५,८५० झाले. वरचे ३९० दुकानाच्या तोंडून निघालेल्या शब्दाचे."

मावशी म्हणाल्या, "पोराच्या पगारातनं कापू नका हं."

शेठनी कापले. महिन्याला तीस रुपये, तेरा महिने. घरी मी सांगितलं की दुकानाची भिशी लावलीय.

त्या तेरा महिन्यांत रोज सकाळी फळा लिहून झाला की शेठ मला तीन प्रश्न विचारायचे. कसलं सोनं? किती वजनाचा भाव? आणि तारीख आजचीच आहे ना? तिसरा प्रश्न मला फालतू वाटायचा. एका सकाळी मुंबईचा फोन उशिरा आला, फळ्यावर कालचाच भाव राहिला आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेव्हा तोही कळला. शेवटचे तीस रुपये कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनी खडू माझ्या हातात दिला. मी आधी तारीख लिहिली, मग 'शुद्ध', मग '१० ग्रॅम'. आकडा सगळ्यात शेवटी. शेठ चहा प्यायला निघून गेले.

आज माझ्या दुकानात फळ्याच्या जागी दिव्यांचे आकडे आहेत. दिवसातून तीनदा बदलतात. कामाला नवीन पोरगा आला की मी त्याला विचारतो, "आज सोनं काय?" तोही ऐटीत आकडाच सांगतो.

मावशींचा मुलगा आज या सभागृहात आहे. सकाळी चहाला भेटला, गप्पा झाल्या. त्या ३९० रुपयांचं त्याला माहीत नसावं. आता कळलं असेल. मित्रा, ते मागायला मी इथं उभा नाही. सर मात्र समोर बसलेत म्हणून सांगतो. सर, तो अर्धा गुण तुम्ही बरोबर कापत होता.