क्रियापद शेवटी, बाकी उलटं: मराठी कानांनी फारसी ऐकताना

आजचा भाग फारसीच्या वाक्यरचनेवर आहे. फारसी शब्द मी थोडे हळू म्हणेन, म्हणजे इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असलात तरी पकडता येतील.

फारसी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सुखद गोष्ट कळते. क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी शिकताना 'मी खातो आंबा' असं डोकं फिरवून बोलायला लागलं होतं, तसं इथे काही नाही. 'मी काम केलं' हे फारसीत 'मन कार करदम'. मन म्हणजे मी, कार म्हणजे काम, करदम म्हणजे केलं. जशीच्या तशी रांग. 'सुरू करणे' तर आणखी सोपं, 'शोरू करदन'. आधी नाम, मग 'करणे', ही जोडी लावायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. त्यामुळे अशी शेकडो जोडक्रियापदं फुकटात मिळतात.

इथपर्यंत सगळं छान. आता एक जरा लांब वाक्य घेऊ, आणि पुढचा बराच वेळ याच वाक्यात राहू:

'मन दीरूज़ दर बाज़ार केताब-ए-कोह्ने-ये बरादरम रा फ़ोरूख़्तम.'

अर्थ असा: मी काल बाजारात माझ्या भावाचं जुनं पुस्तक विकलं. (भावाला विचारलं होतं की नाही, ते वाक्यात नाहीये.)

सुरुवात आणि शेवट आपल्यासारखेच आहेत. मन म्हणजे मी, दीरूज़ म्हणजे काल, आणि शेवटी फ़ोरूख़्तम म्हणजे विकलं. आता मधला भाग बघा. 'बाजारात' हे 'दर बाज़ार' झालं. आपला 'त' शब्दाच्या मागे चिकटतो, त्यांचा 'दर' शब्दाच्या पुढे उभा राहतो. 'हून'साठी 'अज़' आहे, तोही पुढे. 'पुण्याहून' म्हणजे 'अज़ पूने'. ही पुढे उभं राहायची सवय मराठीत आलेल्या फारसी शब्दांतही दिसते. 'बेकार' घ्या. त्यातला 'बे' म्हणजे शिवाय, कार म्हणजे काम. आपण स्वतःचे शब्द वापरून म्हटलं तर 'कामाशिवाय' म्हणू, म्हणजे 'शिवाय' मागे.

खरी गंमत पुस्तकाशी आहे. मराठीत क्रम काय? माझ्या, भावाचं, जुनं, पुस्तक. फारसीत? केताब म्हणजे पुस्तक, कोह्ने म्हणजे जुनं, बरादर म्हणजे भाऊ, आणि त्याला चिकटलेला 'अम' म्हणजे माझा. एक, दोन, तीन, चारच्या जागी चार, तीन, दोन, एक. नुसता वेगळा क्रम नाही, आरशातला क्रम.

मधे जो बारीक 'ए' किंवा 'ये' ऐकू येतो, त्याला एज़ाफ़े म्हणतात. त्याचं काम एवढंच सांगणं की 'थांबा, या शब्दाबद्दल अजून काहीतरी येतंय'. लिहिताना तो बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून वाचण्यापेक्षा ऐकून तो लवकर अंगवळणी पडतो. आपल्या इतिहासातही हा उलटा क्रम आहे. 'सरलष्कर' हे मराठेशाहीतलं पद आठवा. सर म्हणजे डोकं, प्रमुख. प्रमुख आधी, लष्कर नंतर. आज आपण 'लष्करप्रमुख' म्हणतो. अर्थ तोच, क्रम पुन्हा आपल्या घरचा.

कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकलेल्यांसाठी एका वाक्यात सांगतो. मराठी बऱ्यापैकी आतून-बाहेरून पोस्टफिक्स आहे, फारसी बाहेरून पोस्टफिक्स आणि आतून प्रीफिक्स. बाकीच्यांनी हे वाक्य सोडून दिलं तरी चालेल.

ऐकताना याचा त्रास कुठे होतो? मराठी कान विशेषणं गोळा करत नामाची वाट बघतो. 'माझ्या भावाचं जुनं...' बरं, काय? फारसीत 'काय' ते आधीच सांगून झालेलं असतं आणि तपशील मागून येत राहतात. मग हा तपशिलांचा डबा संपला कधी हे कसं कळणार? इथे तो छोटासा 'रा' कामाला येतो. तो केताबला लगेच चिकटलेला नाही, 'बरादरम'नंतर आलाय. म्हणजे कंस बंद! इथपर्यंतचं सगळं मिळून जी एक वस्तू झाली, तीच विकली. लांब वाक्यात गोंधळ झाला तर 'रा' शोधा, त्याच्या आधी कर्म संपलेलं असतं.

पण हा 'रा' ऐकून लगेच 'अरे, हा तर आपला ला!' असं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. 'मी पुस्तक भावाला दिलं' हे फारसीत 'केताब रा बे बरादरम दादम'. नीट ऐका, 'रा' पुस्तकाला लागलाय. भावाच्या वाट्याला 'बे' आलाय, आणि तोही पुढे. आपण 'ला' माणसांना लावतो, पुस्तकाला नाही. फारसी 'रा' लावताना माणूस की वस्तू हे बघत नाही, ठराविक आहे का ते बघते. 'केताब ख़ांदम' म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलंही, वाचन केलं म्हणा. 'केताब रा ख़ांदम' म्हणजे ते पुस्तक, ज्याबद्दल आपलं बोलणं चाललंय. म्हणून मराठी डोक्याने 'बरादरम रा केताब दादम' असं बोललं, की समोरच्याला भावाचंच देणंघेणं झाल्यासारखं ऐकू येईल.

आता शेवटचा शब्द, फ़ोरूख़्तम. इथे दोन्ही भाषांत जागा एकच आहे, पण तो शब्द सांगतो काय ते वेगळं. आपलं 'विकलं' पुस्तकाकडे बघतं. वही असती तर 'विकली', पेन असता तर 'विकला'. फारसीला लिंगच नाही, तो आणि ती दोघांनाही 'ऊ'. त्यांचा 'अम' विकणाऱ्याकडे बघतो, वस्तू कुठलीही असो. म्हणून फारसीत 'मन' बिनधास्त गाळतात, कारण 'मी' क्रियापदातच आहे. नुसतं 'पुस्तक विकलं' मराठीत म्हणा, कोणी विकलं हे कळणारच नाही.

नकारही तिथेच आहे, फक्त कड बदलते. आपण 'काम केलं' म्हणून मग 'नाही' म्हणतो. फारसीत 'कार नकरदम'. 'न' क्रियापदाच्या डोक्यावर बसतो, जोडक्रियापद असेल तर मधे घुसतो. मराठी कान शेवटच्या 'नाही'ची वाट बघतो आणि तो येतच नाही, कारण तो येऊन गेलेला असतो.

आणि दोन क्रियापदं आली की? 'मला पुण्याला जायचंय' हे 'मीख़ाहम बे पूने बेरवम'. मीख़ाहम म्हणजे 'मला हवंय', ते आधीच. मग पुण्याला, मग 'मी जावं'. दोन्ही क्रियापदं शेवटी ढकलायची आपली सवय इथे चालत नाही. 'तो येईल असं मला वाटतं' हे फारसीत 'मला वाटतं की तो येईल' याच क्रमाने येतं, 'फ़ेक्र मीकोनम के मीआयद'. हा 'के' ओळखीचा वाटला ना? आपला 'की' त्याचाच नातेवाईक समजला जातो. त्यामुळे निदान या वाक्यासाठी मराठीत एक तयार साचा आहे, तोच वापरा.

जाता जाता, पुस्तकी फारसीतून इराणी सिनेमाकडे गेलात तर एक जागा आधीच माहीत असू द्या. पुस्तकात 'बे ख़ाने रफ़्तम', म्हणजे घरी गेलो. तेहरानच्या बोलण्यात तेच सर्रास 'रफ़्तम ख़ूने' होतं, 'गेलो घरी'. ख़ानेचं ख़ूने झालं, 'बे' गळला, आणि जायचं ठिकाण क्रियापदाच्या मागे गेलं. आपणही कधी 'गेलो घरी' म्हणतो, पण जरा जोर देऊन किंवा वैतागून. तिथे त्यात वैताग नसतो, रोजचं बोलणं आहे. म्हणून जाणं-येणं ऐकलंत की क्रियापदाला लगेच कान बंद करू नका. कुठे गेला ते कदाचित त्याच्यानंतर येईल.