महिना चार टक्क्यांचे गणित

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला 'तुझ्या क्षेत्राबद्दल बोल' असं सांगितलं होतं. सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही रोज ऐकता. त्यापेक्षा आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले काही महिने जी चर्चा चालली आहे, तिच्याबद्दल बोलते. आपल्यातला एक जण नोकरी सोडायच्या विचारात आहे. हातात पाच लाख आहेत, आणि ऑप्शन विकून महिन्याला वीस हजार सुटतात असं त्याला एका क्लासवाल्याने दाखवलंय. त्याने मला विचारलं, "यात खोटं काय आहे ते सांग." खोटं जवळजवळ काहीच नाही, म्हणून तर हे समजायला अवघड जातं.

ऑप्शन विकणं म्हणजे विमा विकणं. निफ्टी अमुक पातळीच्या खाली गेला तर खालचा सगळा तोटा मी भरून देईन, असं मी समोरच्याला सांगते आणि त्याबद्दल हप्ता घेते. या कराराला पुट म्हणतात. निफ्टी खाली गेला नाही, तर हप्ता माझा. बहुतेक आठवड्यांत तो जात नाहीच.

आता एक खरा आठवडा घेऊ. ३ जून २०२४, सोमवार. लोकसभेचे एक्झिट पोल येऊन गेले होते, बाजार खुशीत होता, निफ्टी २३,२६४ वर बंद झाला. समजा, आपल्या मित्राने त्या दिवशी २२,००० चा पुट विकला, मुदत गुरुवारची. पातळी बाराशे अंकांहून जास्त लांब, म्हणजे भीतीचं कारण नाही. तेव्हा लॉट २५ चा होता. पाच लाखांच्या मार्जिनवर सात लॉट बसतात असं धरू, म्हणजे १७५ नग. हप्ता नगामागे तीस रुपये धरा. हा आकडा माझा, हिशेबापुरता. मिळाले ५,२५०. असे चार आठवडे म्हणजे एकवीस हजार. पाच लाखांवर महिना चार टक्के. क्लासवाल्याचा आकडा बरोबर आला!

मंगळवारी मतमोजणी झाली. निफ्टी कोसळत गेला आणि मध्येच २१,२८१ पर्यंत उतरला. त्या क्षणी २२,००० च्या पुटची नुसती अंगभूत किंमत ७१९ रुपये होते. गुणिले १७५, सव्वा लाख. प्रत्यक्ष भाव याहून जास्तच असतो, कारण घबराटीत विमा महाग होतो. म्हणजे तेवीस-चोवीस आठवड्यांची कमाई एका दुपारी गेली.

पण माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. गुरुवारी, मुदतीच्या दिवशी, निफ्टी २२,८२१ वर बंद झाला. २२,००० चा पुट शून्यावर संपला! जो टिकला त्याला पूर्ण हप्ता मिळाला. पण सगळं भांडवल मार्जिनमध्ये अडकवलेला माणूस टिकतो कसा? तोटा वाढला की ब्रोकर आणखी पैसे मागतो, ते नसतील तर तोच सौदा कापतो, आणि कापतो नेमका सगळ्यात वाईट भावाला. अंदाज बरोबर ठरूनही सव्वा लाख गेलेला माणूस तुम्हाला जाहिरातीत दिसणार नाही.

कोणी म्हणेल, स्टॉपलॉस लावायचा. मार्च २०२० आठवा. २३ तारखेला बाजार खाली उघडला, तासाभरात दहा टक्के पडला आणि व्यवहारच थांबवले गेले. बंद बाजारात स्टॉपलॉस कोणाला विकणार? दिवसअखेर निफ्टी तेरा टक्के खाली होता. तेवढीच घसरण आपल्या मित्राच्या सौद्यावर आली असती तर तीन लाखांवर तोटा, पाचातले.

आता चार टक्क्यांच्या छेदाकडे बघू. शाळेत छेद चुकला की आपल्याला अख्खं गणित पुन्हा करायला लावायचे. १७५ नग, २२,००० पातळी: आपल्या मित्राने साडेअडतीस लाखांच्या मालाची हमी घेतली होती. पाच लाख हे फक्त अनामत. एकवीस हजारांना साडेअडतीस लाखांनी भागा, महिना अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. तोही एकही वाईट आठवडा न आलेल्या महिन्याचा.

मग दीर्घकाळात खरोखर काय मिळतं? अमेरिकेत शिकागोच्या ऑप्शन बाजाराचा एक निर्देशांक आहे. तो दर महिन्याला एस अँड पी ५०० चा पुट विकतो आणि पूर्ण रक्कम सरकारी रोख्यांत बाजूला ठेवतो. १९८६ ते २०१८ या काळात त्याने वर्षाला सुमारे साडेनऊ टक्के दिले, रोख्यांचं व्याज धरून. महिन्याला पाऊण टक्का. आणि २००८ च्या मंदीत तोही जवळपास एक तृतीयांश खाली आला होता. आपल्याकडे यापेक्षा फार वेगळी अपेक्षा ठेवायला मला कारण दिसत नाही. शिवाय यातून दलाली, व्यवहार कर आणि प्राप्तिकर जातो. हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, त्यामुळे तुमच्या स्लॅबप्रमाणे कर.

एवढे लोक सांगतात ते खोटं कसं, असं बाईंनी मघाशी चहाला विचारलं. बाई, समजा मोठा फटका बसायची शक्यता दर आठवड्याला शंभरात एक आहे. शंभर जणांनी सुरुवात केली तर वर्षभरात सुमारे एकोणसाठ जणांना फटका बसतच नाही. दोन वर्षांनीही पस्तीस जण कोरे राहतात. हे पस्तीस हुशार असतील असं नाही, त्यांची पाळी आलेली नसते इतकंच. पण स्क्रीनशॉट तेच टाकतात, क्लास तेच काढतात, आणि स्वतःच्या पद्धतीवर त्यांचा मनापासून विश्वास असतो. बाकीचे गप्प बसतात. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा वायदे-ऑप्शनमधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा हिशेब मांडला, त्यात ९३ टक्के तोट्यात निघाले.

आमच्या कामात सर्व्हरचा सरासरी वेग कोणी सांगितला तर आम्ही लगेच विचारतो, सगळ्यात हळू शंभरावा भाग दाखव. क्लासवाल्यालाही तेच विचारा: मार्च २०२० आणि ४ जून २०२४ या दोन दिवसांचं ब्रोकरचं विवरण दाखव, आणि न मिटवलेले सौदे आजच्या भावाने धरलेत का ते सांग. 'शंभरातले पंच्याण्णव सौदे नफ्यात' हे उत्तर चालणार नाही. पाच सौद्यांत किती गेले, तेवढंच मला हवं असतं.

मित्राला मी जे लिहून दिलं ते इथेही सांगते. महिना वीस हजार हवेत, तर पाऊण टक्क्याच्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस लाख पूर्ण बाजूला ठेवलेले लागतील, आणि त्यातले आठ-नऊ लाख एखाद्या वर्षी कमी झालेले बघायची तयारी लागेल. त्या वर्षी घरखर्च दुसरीकडून यायला हवा. पाच लाखांत तर आता पूर्ण हमीने एक लॉटही विकता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या कराराची किंमत किमान पंधरा लाख केली आहे. त्याने अजून राजीनामा दिलेला नाही. तो इथेच मागच्या रांगेत बसलाय, जेवताना त्याला तुम्हीच विचारा.